पत्र्याचा लॅप किती ठेवायचा आणि टेप कुठे लावायची: कमी उताराच्या शेडसाठी

शेड गळायला लागली की सगळ्यांचा पहिला संशय स्क्रूवर जातो. वॉशर खराब असेल, भोक मोठं पडलं असेल, असं म्हणत मिस्त्री वर चढतो आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉन थापून खाली उतरतो. पुढच्या पावसात पाणी परत त्याच जागी. सोलापूरच्या एमआयडीसीत, विशेषतः कमी उताराच्या लूमच्या शेडमध्ये, बऱ्याचदा दोष स्क्रूत नसून दोन पत्रे एकमेकांवर जिथे चढतात तिथे, म्हणजे लॅपमध्ये असतो. तो लॅप कसा ठरवायचा, मोजायचा आणि बंद करायचा, हे नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी आणि स्वतःची शेड उभारून घेणाऱ्या मालकांसाठी लिहितो आहे. सगळं ट्रॅपेझॉइडल, म्हणजे चौकोनी रिबच्या कलर कोटेड पत्र्याबद्दल आहे. जुन्या नालीदार पत्र्याची आणि सिमेंट पत्र्याची मापं वेगळी असतात.

आधी नावं स्पष्ट करू. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर उताराच्या दिशेने चढतो तो एंड लॅप. शेजारचे दोन पत्रे रिबवर रिब बसवून जोडले जातात तो साइड लॅप. दोन्ही ठिकाणी पाणी आत येतं, पण येण्याची पद्धत वेगळी आहे.

लॅपची लांबी नाही, उंची बघा

पाणी उतारावरून खाली जातं, मग लॅपमधून वर कसं चढेल, असा प्रश्न साहजिक आहे. ते दोन कारणांनी चढतं. एक म्हणजे केशाकर्षण. दोन पत्रे घट्ट चिकटलेले असले की मधल्या बारीक फटीत पाणी स्वतःहून वर ओढलं जातं. दुसरं कारण वारा. बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त झाला की फटीतलं पाणी वर ढकललं जातं.

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. ताशी ४७ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब साधारण १०० पास्कल होतो, आणि तेवढा दाब पाण्याला सरळ उभं १० मिमी उचलू शकतो. ताशी ७० किलोमीटरचा झोत असेल तर ही उंची २३ मिमीच्या आसपास जाते. वळवाच्या पावसात असे झोत येतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

आता उतार बघा. एक मीटर आडव्या अंतरात १० सेंटिमीटर चढ असेल, म्हणजे जवळपास पावणेसहा अंश, तर १५० मिमीच्या लॅपमध्ये पाण्याला उभं चढावं लागतं फक्त १५ मिमी. लॅप २०० मिमी केला तर २० मिमी. याउलट उतार १५ अंशांचा असेल तर त्याच १५० मिमीच्या लॅपमध्ये पाण्याला जवळजवळ ३९ मिमी चढावं लागेल. तिरक्या छपरावर जो लॅप वर्षानुवर्षं आत चिकट टेप न लावताही कोरडा राहतो तोच लॅप सपाट छपरावर पहिल्या जोरदार पावसात का गळतो, ते इथे कळतं. मिस्त्री म्हणतो, ‘मालक, सहा इंच लॅप दिलाय, काय होत नाही ओ.’ सहा इंच पुरेसे आहेत की नाहीत हे उतार मोजल्याशिवाय सांगताच येत नाही.

उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, तिच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा. पट्टीचं वरचं टोक पत्र्याला टेकवा, पट्टी आडवी लेव्हलमध्ये आणा आणि दुसऱ्या टोकाखाली पत्र्यापर्यंतचं अंतर मापाच्या टेपने मोजा. १० सेंटिमीटर आलं तर उतार एकास दहा. १७ ते १८ सेंटिमीटर आलं तर १० अंश. २७ सेंटिमीटर आलं तर १५ अंश.

त्यावरून मी असं धरतो. १५ अंशांच्या वर १५० मिमी लॅप ठेवला तर उघड्या माळावरची शेड सोडून टेपशिवाय चालतं. १० ते १५ अंशांत १५० मिमी आणि टेपची एक रांग. ५ ते १० अंशांत २०० मिमी आणि टेपच्या दोन रांगा. ५ अंशांच्या खाली एंड लॅप ठेवूच नका, आढ्यापासून पन्हाळीपर्यंत अखंड पत्रा मागवा. पत्रा बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकात याहून जास्त सांगितलं असेल तर तेच पाळायचं.

लॅप वाढवत जाऊन टेप वाचवता येईल असं काहींना वाटतं. तसं होत नाही. ३०० मिमीच्या पुढे लॅप नेला तर मधल्या फटीत धूळ आणि ओल साचून राहते, पत्रा आतून गंजायला लागतो, आणि ते वरून दिसतही नाही.

मागणी देण्याआधीचा हिशेब

बहुतेक लॅप दुकानात बिघडतात, छपरावर नाही. एक खरं उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोडकडची टॉवेलच्या लूमची शेड. एका बाजूच्या उताराची लांबी ९ मीटर, उतार एकास दहा. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे आधार, दर दीड मीटरवर, ६० मिमी रुंद चौकोनी पाइपचे. पत्रा पन्हाळीत ७५ मिमी बाहेर यायला हवा. म्हणजे झाकायची लांबी ९.०७५ मीटर. मालकाने फुटांत विचार केला आणि पंधरा फुटी पत्रे मागवले, उतारावर एकापुढे एक दोन.

पंधरा फूट म्हणजे ४.५७२ मीटर. दोन मिळून ९.१४४ मीटर. त्यातून ९.०७५ वजा केले की उरतात ६९ मिमी. एवढाच एंड लॅप. या उतारावर त्याची उभी उंची भरते जेमतेम ७ मिमी.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. खालचा पत्रा पन्हाळीत ७५ मिमी बाहेर ठेवला की त्याचं वरचं टोक पन्हाळीकडच्या पर्लिनपासून ४.४९७ मीटरवर येतं. तिथला पर्लिन ४.५ मीटरवर आहे. म्हणजे खालचा पत्रा पर्लिनच्या मध्यापर्यंतही पोचत नाही. स्क्रू पर्लिनच्या मधोमध मारला तर तो फक्त वरच्या पत्र्यातून जातो, खालचा पत्रा मोकळाच राहतो. मिस्त्रीने मग स्क्रू खाली सरकवून पर्लिनच्या कडेला मारले, पत्र्याच्या टोकापासून बोटभर अंतरावर. अशा जागी पत्रा दाबला जात नाही, वाऱ्याने उचलला जातो आणि फट उघडते.

बरोबर हिशेब पर्लिनपासून सुरू होतो. एंड लॅप नेहमी पर्लिनवरच यायला हवा, कारण स्क्रूने दाबायला खाली आधार फक्त तिथेच असतो. २०० मिमी लॅप हवा असेल तर ४.५ मीटरच्या पर्लिनच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी धरा. खालचा पत्रा ४.६ मीटरपर्यंत जाईल, त्यात पन्हाळीतले ७५ मिमी मिळवले की लांबी ४.६७५ मीटर. वरचा पत्रा ४.४ मीटरवर सुरू होऊन ९ मीटरपर्यंत जाईल, म्हणजे ४.६ मीटर. दोघांची बेरीज ९.२७५, झाकायची लांबी अधिक लॅप. बेरीज अशी जुळली नाही तर मागणी देऊ नका. पत्रा मापाप्रमाणे कापून मिळतो, त्यामुळे फुटांच्या पूर्णांकात अडकून पडायचं कारण नाही. जागेवर ग्राइंडरने कापणं टाळा. ठिणग्यांनी रंग आणि जस्ताचा थर जळतो आणि तिथूनच गंज धरतो.

पत्रे कुठून बसवायला घ्यायचे

साइड लॅपची उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला नको, वाऱ्याकडे पाठ करून असायला हवी. सोलापुरात जून ते ऑगस्ट वारा मुख्यतः पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा. म्हणून पूर्व-पश्चिम पसरलेल्या शेडवर पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला बसवा आणि पश्चिमेकडे सरकत जा. पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो, आणि त्याची कड पूर्वेकडे तोंड करून राहते. सप्टेंबरातला परतीचा पाऊस मात्र हा नियम पाळत नाही. तो गडगडाटासह कुठल्याही दिशेने येतो, आणि आपल्याकडचा मोठा पाऊस बऱ्याचदा तोच असतो. म्हणून कमी उतारावर दिशा पाळूनही साइड लॅपला टेप लागतेच.

पत्रा उचलण्याआधी त्याच्या दोन्ही कडा नीट बघा. एका कडेची रिब पूर्ण असते आणि तिला पुढे एक छोटा पाय असतो, काही पत्र्यांत रिबच्या बाजूला बारीक खाचही असते. ही रिब खाली जाते. पाय तिला आधार देतो, आणि खाचेमुळे दोन पत्र्यांत मोकळी जागा राहून केशाकर्षण तुटतं. दुसऱ्या कडेची रिब तिच्यावर टोपीसारखी बसते. पत्रा उलटा फिरवून टाकला तर रिब बसल्यासारखी वाटते, पण खालून बघितलं की उजेडाची रेघ दिसते. ती रेघ दिसली की पत्रा काढून फिरवायचा, स्क्रूने ओढून बसवायचा प्रयत्न करायचा नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. शेवटी एक पत्रा कमी पडू नये म्हणून प्रत्येक पत्रा थोडा थोडा ताणून बसवतात. एक मीटर झाकणारा पत्रा १० मिमी ताणला तर वीस पत्र्यांत २० सेंटिमीटर मिळतात खरे, पण प्रत्येक साइड लॅपची रिब चपटी होऊन खालच्या रिबवरून उठते. दर पाच पत्र्यांनंतर पन्हाळीपाशी आणि आढ्यापाशी, दोन्हीकडे रुंदी मोजा. दोन मापांत फरक पडत असेल तर पत्रे पंख्यासारखे पसरत आहेत. पुढच्या पाच पत्र्यांत थोडं थोडं करून ते सरळ करा.

क्रम असा: एका पट्ट्यातला खालचा पत्रा, मग त्याच पट्ट्यातला वरचा, आणि मगच शेजारचा पट्टा. खालची पूर्ण रांग आधी आणि वरची नंतर असं केलं तर वरच्या पत्र्याची कड शेजारच्या खालच्या पत्र्यात नीट जात नाही आणि कोपरे बिघडतात.

टेप

इथे ब्यूटाइल टेप वापरायची. ती वाळत नाही, चिकट आणि मऊ राहते, म्हणून पत्रा हलला तरी तिच्याबरोबर ताणली जाते. हलण्याचा अंदाज यायला एक आकडा पुरे: ४.६ मीटरचा पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ५० अंशांनी तापला तर जवळपास ३ मिमी लांब होतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हे रोज घडतं. कडेवर बाहेरून मारलेलं सिलिकॉन या ओढाताणीत एक-दोन वर्षांत सुटतं. शिवाय व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर वापरूच नये, त्यातलं आम्ल जस्ताच्या थराला खातं.

तीन मिमी जाड आणि वीस मिमी रुंद टेप बहुतेक कामांना पुरते. वरून चिकटवायची चंदेरी डांबरी टेप ही वेगळी वस्तू आहे. ती दुरुस्तीच्या ठिगळाला ठीक, लॅपच्या आत घालायची नाही.

टेप लावण्याआधी खालच्या पत्र्याचं टोक कोरड्या फडक्याने पुसा. आपल्याकडे पत्रे दोन दिवस बाहेर पडले तरी धुळीचा थर बसतो, आणि टेप त्या धुळीलाच चिकटते. नव्या पत्र्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म असेल तर लॅपच्या जागेवरून तरी ती आधी सोलून काढा. काम सकाळी करा. दुपारी पत्रा हात लावू देत नाही आणि टेप इतकी मऊ होते की कागदाबरोबर ओढली जाऊन पातळ होते. रोल सावलीत ठेवा.

दोन रांगा पर्लिनवरच, स्क्रूच्या रेषेच्या वर आणि खाली साधारण २० ते २५ मिमीवर. म्हणजे स्क्रू आवळला की दोन्ही रांगा दाबल्या जातात. खालची रांग बाहेरून ढकललं जाणारं पाणी अडवते. त्यातून काही निसटलं आणि स्क्रूपर्यंत पोचलं तरी वरची रांग त्याला पत्र्याच्या टोकावरून शेडमध्ये उतरू देत नाही. टेप दोन रिबमधल्या नाळीत सपाट, मग रिबच्या उतरणीवर, मग रिबच्या माथ्यावर, अशी पत्र्याचा आकार धरून बोटाने दाबत न्यायची. रिब आणि नाळीच्या कोपऱ्यात ती ताणून पुलासारखी टाकली की खाली बोगदा राहतो, आणि पाणी नेमकं तिथून येतं. दोन तुकडे जोडताना टोकावर टोक ५ सेंटिमीटर चढवा.

वरचा कागद काढायचा राहून जातो, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण जुने लॅप उघडले की कागदासकट दाबलेली टेप सापडते. वरचा पत्रा खाली ठेवण्याआधी दोघांनी दोन टोकांना उभं राहून कागद निघाल्याची खात्री करायची, आणि मग पत्रा सरळ खाली ठेवायचा. एकदा टेकवल्यावर सरकवला तर टेप गोळा होते.

साइड लॅपला एकच रांग, खालच्या रिबच्या माथ्यावरून पन्हाळीपासून आढ्यापर्यंत. त्यावर वरची रिब बसवून दर ४० ते ४५ सेंटिमीटरवर छोटे स्टिच स्क्रू. पर्लिनवरचे स्क्रू रिबला दाबत नाहीत, ते काम स्टिच स्क्रूचं. पैसे वाचवायला बहुतेक ठिकाणी हेच गाळले जातात.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे एंड लॅप आणि साइड लॅप जिथे भेटतात तो कोपरा. तिथे चार पत्र्यांचे थर एकावर एक येतात. अर्ध्या मिमीचे चार थर म्हणजे २ मिमी, आणि प्रत्येक थराच्या कडेला पायरी तयार होते. त्या पायरीशेजारी टेप पोकळ राहते. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर थरांच्या मध्ये टेपचा ८ ते १० सेंटिमीटरचा जास्तीचा तुकडा दाबून बसवा. एंड लॅपवर प्रत्येक नाळीत स्क्रू हवा. स्क्रू इतकाच आवळा की वॉशरचं रबर कडेने किंचित फुगलेलं दिसेल. रबर बाहेर पसरलं तर जास्त झालं, वॉशर बोटाने फिरला तर कमी.

गळती कुठून आहे हे ओळखणं

थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. लॅपमधून आलेलं पाणी पत्र्याच्या खालून उताराने सरकतं, पर्लिनला अडतं, त्याच्या बाजूने वाहत जातं आणि कुठेतरी जोडापाशी खाली पडतं. म्हणून खालून उताराच्या वरच्या दिशेने बघत जा. लॅपच्या रेषेवर तपकिरी ओघळ, पर्लिनच्या वरच्या कडेवर गंजाची पट्टी किंवा धुळीचा चिकट माग दिसला तर पाणी तिथून येतं.

खात्री करायची तर पाण्याचा पाइप घ्या, पण खालून सुरुवात करा. आधी लॅपच्या खालचा भाग दहा मिनिटं भिजवा. आत काही आलं नाही तर पाणी लॅपच्या थोडं वर सोडा, मग साइड लॅपवर. एकदम आढ्यावरून पाणी सोडलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. पाइपचा जोराचा फवारा खालून लॅपच्या तोंडात मारू नका, चांगला लॅपही त्याने गळेल. पाऊस नसताना हिवाळ्यात पहाटे थेंब पडत असतील, विशेषतः सायझिंगची वाफ असलेल्या शेडमध्ये, तर ते दव आहे. त्याला हवा खेळती करणं आणि इन्सुलेशन लागतं, टेप नाही.

त्या शेडचं काय केलं

लूमवरच्या बीमवर पाणी पडून सुतावर डाग येत होते. मिस्त्रीने दोन वेळा लॅपच्या खालच्या कडेला सिलिकॉन मारलं होतं. त्यामुळे साइड लॅपमधून आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटही बंद झाली आणि गळती वाढली. सगळे पत्रे बदलायची गरज नव्हती. वरची रांग पंधरा फुटीच ठेवली. तिचं खालचं टोक ४.४२८ मीटरवर येत होतं. फक्त खालची रांग ४.६७५ मीटरची नवी मागवली. लॅप आला १७२ मिमी. स्क्रूच्या रेषेखाली ७२ आणि वर १०० मिमी. २०० भरला नाही, पण लॅप पर्लिनवर नीट बसला आणि टेपच्या दोन रांगांना दाबायला पुरेशी जागा मिळाली.

वरच्या रांगेचे खालच्या टोकाचे स्क्रू आणि तिथले स्टिच स्क्रू काढले, टोक हळूच उचलून खालचा जुना पत्रा ओढून काढला, नवा सरकवला. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, कारण त्यावर टेप चिकटत नाही. जुन्या भोकांत साडेपाचऐवजी ६.३ मिमीचे जाड स्क्रू मारले. निघालेले पंधरा फुटी पत्रे मालकाने बाजूच्या गोडाऊनच्या छोट्या, अखंड लांबीच्या छपराला वापरले.

वर चढणाऱ्यांसाठी एवढंच: पाय पर्लिनच्या रेषेवर, स्क्रूच्या रांगेवरून चाला. सेफ्टी बेल्ट लावलेला हवा आणि छप्पर कोरडं हवं. उजेडासाठी टाकलेल्या फायबर पत्र्यावर कधीही पाय ठेवू नका, धुळीने तो बाकीच्या पत्र्यांसारखाच दिसतो. त्या फायबर पत्र्याची रिब धातूच्या पत्र्याशी तंतोतंत जुळते का हे मागवतानाच तपासा. जुळत नसेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे साइड लॅप कितीही टेप लावली तरी कोरडे राहणार नाहीत.